दोन वाघिणी आणि हरवलेले साठ

आमच्या ठाण्याच्या शाळेत ऊर्जा आली ती एका शनिवारी संध्याकाळी, व्याख्यानाच्या रूपाने. त्याआधी ती जगात होतीच, असं हेडमास्तरांनी त्या व्याख्यानात पहिल्याच वाक्यात मान्य केलं. पण ठाण्याला तिची रीतसर ओळख करून देण्याचा मान त्यांना मिळाला, आणि तो त्यांनी पुरेपूर घेतला.

मी त्या शाळेत गणिताचा दुय्यम मास्तर होतो. मॅट्रिक होऊन पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या आठदहा तरुणांचा एक जादा वर्ग शाळेत चाले, तोही माझ्याकडे होता. त्यांना मी यंत्रशास्त्राचं जे शिकवत असे ते मी स्वतः आदल्या दिवशी वाचलेलं असे. हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही, पण कोणी बोलून दाखवत नसे.

व्याख्यानाला मामलेदार आले होते, दोन वकील आले होते, आणि मिठागरांचे मालक असलेले एक शेटजी पुढच्या खुर्चीत बसले होते. हेडमास्तरांनी साहेबलोकांच्या क्लबातून बिलियर्डचे दोन हस्तिदंती गोळे मागून आणले होते. ते दोऱ्यांनी टांगून त्यांनी एक गोळा मागे ओढला आणि सोडला. टक्कन आवाज झाला. पहिला गोळा जागच्या जागी थांबला आणि दुसरा जवळजवळ तेवढाच वर गेला.

"पाहा," हेडमास्तर म्हणाले, "काही हरवलं नाही. या विश्वात ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. ती या हातातून त्या हातात जाते."

शेटजींनी मान डोलावली. हातातून हातात जाणाऱ्या गोष्टींविषयी त्यांचा अभ्यास मोठा होता. व्याख्यान संपताना ते उठून म्हणाले की, जादा वर्गातल्या एका मुलाचा पुण्यातला सगळा खर्च आपण करू. कोणाचा करायचा ते हेडमास्तरांनी परीक्षा घेऊन सांगावं.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या टक्क आवाजाने नेमकं काय सिद्ध झालं हे मला घरी जाईपर्यंत कळलं नव्हतं, आणि घरी गेल्यावरही कळलं नाही.

परीक्षेचा पेपर हेडमास्तरांनी स्वतः काढला. तपासायची आमच्या शाळेची पद्धत त्यांचीच होती: प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर, कोणत्या नियमाने ते सोडवलं, तो नियम लिहायचा. निम्मे गुण नियमाचे, निम्मे उत्तराचे. नियम हेडमास्तर तपासत, उत्तर मी. त्यांचं म्हणणं असं की तत्त्व हे वडीलधाऱ्यांनी पाहावं आणि बेरीज-वजाबाकी कोणीही.

शेवटचा प्रश्न आमच्या रेल्वेच्या गावाला शोभेसा होता. मालगाडीचा जो उघडा डबा असतो त्याला आमच्याकडे वाघीण म्हणतात. दहा टनांची एक वाघीण सेकंदाला सहा फूट वेगाने येते, उभ्या असलेल्या पाच टनांच्या रिकाम्या वाघिणीवर आदळते, आणि दोघी एकमेकींत अडकून पुढे जातात. तर त्यांचा वेग काय? रूळ सपाट, घर्षण नाही.

आदर्श उत्तर हेडमास्तरांनी सोबत दिलं होतं. पहिल्या वाघिणीची ऊर्जा काढायची, म्हणजे दहाचे निम्मे पाच, गुणिले सहाचा वर्ग, एकशे ऐंशी. मग तेवढीच ऊर्जा पंधरा टनांत वाटून द्यायची. वेग येतो पाचाला थोडा कमी, चार पूर्णांक नऊ.

माझ्यासमोर पेपर आले ते सगळे "ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून" अशी सुरुवात करणारे. व्याख्यान सगळ्यांनी ऐकलं होतं. बहुतेकांचं उत्तर चार पूर्णांक नऊ होतं आणि मी निमूटपणे बरोबरच्या खुणा करत होतो. मग दोन पेपर वेगळे निघाले.

एक होता आमच्याच एका वकिलांच्या मुलाचा. त्याने लिहिलं होतं: मोठी वाघीण दोनच्या वेगाने पुढे जाईल आणि लहान आठच्या. माथ्यावर एक सोडून दोन नियम: ऊर्जेची अक्षय्यता आणि संवेगाची अक्षय्यता. संवेग म्हणजे वजन गुणिले वेग. तेव्हा आम्ही सगळे त्याला मोमेंटमच म्हणत असू. मी पडताळून पाहिलं. आधीचा संवेग दहा गुणिले सहा, साठ. नंतरचा वीस आणि चाळीस, साठ. आधीची ऊर्जा एकशे ऐंशी. नंतरची वीस आणि एकशे साठ. पुन्हा एकशे ऐंशी. दोन्ही नियम चोख पाळलेले. माझ्या हातातली लेखणी खाली गेली.

दुसरा पेपर होता बाळकुमहून चालत येणाऱ्या एका आगरी तरुणाचा. वीस-एकवीस वर्षांचा, लग्न झालेला, बापाचं आयुष्य मिठागरात गेलेलं. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि कमी बोले. त्याच्या उत्तराच्या माथ्यावरही "ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून" असंच लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात. खाली मात्र ऊर्जेचा मागमूस नव्हता. साठ भागिले पंधरा, उत्तर चार. बस्स.

म्हणजे एका प्रश्नाची तीन उत्तरं झाली. एक हेडमास्तरांचं, एक दोन्ही नियमांना पटणारं, आणि एक स्वतःच्या मथळ्यालाच न पटणारं. मी पुस्तक काढलं. पुस्तकात टकरीचं प्रकरण होतं, त्यात स्थितिस्थापक आणि अस्थितिस्थापक असे दोन भाग होते, आणि त्या दोहोंच्या मधल्या पानावर माझी मागच्या वर्षीची खूण होती. म्हणजे मी तिथवर पोहोचलो होतो आणि थांबलो होतो.

आता पुढे वाचलं. टकरीनंतर वस्तू एकमेकींपासून पुन्हा दूर होतात की चिकटून राहतात यावर सगळं आहे, असं तिथे होतं. दोन्ही प्रकारांत संवेग तेवढाच राहतो. गतीची ऊर्जा मात्र फक्त पहिल्या प्रकारात, तोही अगदी पूर्ण असला तर, तेवढीच राहते. चिकटल्या तर ती कमी होते. बाळकुमच्याच्या चारने हिशेब केला तर अडकलेल्या वाघिणींची ऊर्जा एकशे वीस निघत होती. साठ गायब.

मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट. हस्तिदंती गोळ्यांसमोर बसून मीच टाळ्या वाजवल्या होत्या. नष्ट होत नाही तर साठ गेले कुठे?

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. त्यांच्यासमोर बोलताना मी नेहमी प्रश्नाच्या रूपात बोलत असे. उत्तराच्या रूपात बोललेलं त्यांना आवडत नसे.

"साहेब, आपल्या उत्तराप्रमाणे पंधरा टनांचा वेग चार पूर्णांक नऊ. मग त्यांचा संवेग साडेत्र्याहत्तर होतो. आधी साठ होता. वरचे साडेतेरा कुठून आले असावेत?"

त्यांनी चष्मा काढला. तो ते विचार करण्यासाठी काढत नसत, वेळ काढण्यासाठी काढत. मग त्यांनी स्वतः गुणाकार करून पाहिला. तो साडेत्र्याहत्तरच आला.

"हं," ते म्हणाले. "ही लेखनिकाची चूक असणार."

लेखनिक कोणी नव्हता. पेपर त्यांच्याच अक्षरात होता.

"मग बाळकुमच्याचं चार बरोबर धरू?"

"त्यात तुमची ऊर्जा नष्ट होते, मास्तर. शनिवारी सगळ्या गावासमोर मी काय बोललो?" त्यांनी वकिलांच्या मुलाचा पेपर ओढला, पाहिला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा. दोन आणि आठ. संवेग साठाला साठ, ऊर्जा एकशे ऐंशीला एकशे ऐंशी. याला म्हणतात उत्तर. एका नियमाची मर्जी राखायला दुसरा दुखावला नाही."

"पण साहेब, प्रश्नात दोघी अडकून जातात असं आहे. इथे एक दोनने जाते आणि दुसरी आठने."

"अडकतात म्हणजे काही क्षण अडकतात."

"आपण लिहिलंय, अडकून पुढे जातात."

"मी लिहिलंय ते मला ठाऊक आहे." त्यांनी पेपर बाजूला सारला. "वाघिणी काय करतात ते वाघिणींनाच विचारू. कल्याणला चला."

शेटजींचा निरोप आला होता की नाव सोमवारपर्यंत कळवावं. म्हणजे घाई होती. बाळकुमच्याच्या बापाने त्याला सांगून ठेवलं होतं की पुण्याचं नाही जमलं तर मिठागरावर मेहत्याची जागा धर. मीठ मोजून घेणारा माणूस त्यांना हवा होता. हे मला त्याच्याकडून नाही, शिपायाकडून कळलं होतं. आता नाव कोणाचं जायचं ते एका वाघिणीच्या धक्क्यावर येऊन थांबलं होतं, आणि धक्का कोणता ते मला सांगता येत नव्हतं.

आम्ही गाडीने कल्याणला गेलो. खाडीचा पूल, मुंब्र्याचे बोगदे, मग डोंबिवलीच्या बाजूची भाताची खाचरं. हेडमास्तर सारा वेळ बाहेर पाहत होते, पण त्यांचे ओठ हलत होते. ते बहुधा आकड्यांचे वर्ग करत होते.

कल्याणच्या मालाच्या आवारात एक गोरा फोरमन होता. हेडमास्तरांनी त्याला आमच्या येण्याचं कारण उत्तम इंग्रजीत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा काही माल फुटलाय का?"

"नाही. आम्ही टक्कर पाहायला आलो आहोत."

"फुटला नसेल तर पाहा. फुटला असेल तर ऑफिसात जा."

आम्ही एका लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. वाघिणी जुळवायचं काम चाललं होतं. इंजिनाने एक भरलेली वाघीण ढकलून सोडून दिली. ती रुळावरून निवांत येत राहिली आणि उभ्या रिकाम्या वाघिणीवर आदळली. वाघिणींच्या तोंडाला बफर असतात, त्यांत कमानी, म्हणजे स्प्रिंगा, असतात. त्या दबल्या, आणि रिकामी वाघीण झटक्यात पुढे निघाली. भरलेली तिच्या मागून रेंगाळत गेली. दोघींमध्ये फट पडली. मग हाती दांडा घेतलेला एक माणूस धावत गेला, त्याने रिकामीला अडवलं, भरलेली मागून येऊन तिला लागल्यावर साखळीचा आकडा अडकवला, आणि तो दुसऱ्या वाघिणीकडे वळला.

"पाहिलंत," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. "अडकत नाहीत. दूर होतात. वकिलांचा मुलगा बरोबर."

मी पाहत राहिलो. दूर झाल्या होत्या हे खरं. पण जेवढ्या वेगाने भरलेली रिकामीवर आली होती तेवढ्याच वेगाने रिकामी तिच्यापासून दूर जायला हवी होती. दोन आणि आठ या उत्तराला तेवढं लागतंच: आठातून दोन वजा केले तर सहा, येण्याचाच वेग. ती तशी गेली नव्हती. ती त्याच्या निम्म्याने गेली असेल, किंवा तेवढ्यानेही नसेल. म्हणजे या वाघिणी ना चारच्या होत्या ना दोन-आठच्या. त्या मधल्याच कुठल्या तरी होत्या.

"साहेब, या अर्धवट स्थितिस्थापक आहेत," मी म्हणालो.

"अर्धवट कोण?" त्यांनी विचारलं.

मी वाघिणींकडे बोट केलं.

परतीच्या गाडीत मला वाटलं होतं की घोटाळा कमी होईल. झाला उलटा. खऱ्या वाघिणींनी तिन्ही उत्तरं चुकीची ठरवली होती. पण खऱ्या वाघिणींना प्रश्नपत्रिका दिली नव्हती. प्रश्नात लिहिलं होतं अडकून जातात, आणि मुलाने उत्तर द्यायचं ते प्रश्न वाचून, आवारातल्या वाघिणी पाहून नव्हे. हे मी मुंब्र्याच्या बोगद्यात शिरण्याआधी बोलून दाखवणार होतो. बोगदा संपल्यावर हेडमास्तर झोपले होते, किंवा तसं दाखवत होते.

रविवारी दुपारी बाळकुमचा तरुण माझ्या कोपरीच्या घरी आला. ओसरीवर बसला आणि पाणी प्यायला.

"मास्तर, माझ्या त्या शेवटच्या उत्तरावरची ओळ खोटी आहे," तो म्हणाला.

"कोणती?"

"ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून. मी तसं काही केलं नाही. मी संवेगाने केलं. वर काहीतरी लिहायला लागतं म्हणून सगळ्यांनी लिहिलं तेच मीही लिहिलं."

"हेडमास्तर त्याच ओळीचे निम्मे गुण देणार आहेत, बाबा."

"म्हणूनच आलो."

मी त्याला सांगितलं की गप्प बसावं. मथळ्याला ते गुण देतील, उत्तराला मी देईन, आणि सगळ्यांचं भलं होईल. तसं पाहिलं तर त्या पेपराला पूर्ण गुण मिळण्याची ती एकच वाट होती, आणि ती वाट दोन चुकांवरून जात होती: एक त्याची, एक हेडमास्तरांची.

"पुण्याला पहिल्याच दिवशी विचारतील," तो म्हणाला, "तेव्हा काय सांगू? ऊर्जेने केलं म्हणून?"

"पुण्याला पोहोचलास तर विचारतील. ओळ खोडली तर कुठे पोहोचणार, मिठागरात."

तो हसला नाही. "मला एक सांगा, मास्तर. वकिलांच्या मुलाचं दोन आणि आठ का नाही? तेही दोन्ही नियमांना बसतं. मी घरी करून पाहिलं. माझं उत्तर एकाच नियमाला बसतं."

हा प्रश्न मला चार दिवस छळत होता आणि आता तो माझ्या ओसरीवर येऊन बसला होता. मी म्हणालो, "दोन आणि आठ ही वेगळ्या टकरीची उत्तरं आहेत. दोघी दूर उडाल्या तर. तुझ्या प्रश्नात त्या उडत नाहीत. वेग एकच असला पाहिजे, असं प्रश्नच सांगतो. दोघींचा वेग एक धरला की संवेग एकच उत्तर देतो, चार. मग ऊर्जेला जागा उरत नाही. ती कमी पडेल तेवढी पडू दे."

"पण पडते ती जाते कुठे?"

"आवाजात. तापण्यात. लोखंड वाकण्यात. पुस्तकात तसं लिहिलंय."

"तुम्हाला पटतंय?"

मी पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला. तेवढ्या वेळात मला जे सुचलं ते असं: हेडमास्तरांना बोलून पटणार नाही, मलाही वाचून पटत नाही, तेव्हा ते गोळे पुन्हा टांगावेत. पण हस्तिदंताचे नव्हेत.

सोमवारी सकाळी आम्ही कुंभाराकडून ओली माती आणली. त्या तरुणाने ती मळून सारख्या वजनाचे दोन गोळे केले, वाण्याच्या तराजूत तोलून पाहिले, आणि शाळेच्या पडवीत तुळईला दोऱ्यांनी टांगले. मागे पाटी लावून तिच्यावर मी खालपासून एक वीत मोजली आणि बारा बोटांच्या बारा रेघा मारल्या. हेडमास्तर खुर्ची मागवून बसले. वकिलांचा मुलगाही उभा होता. तो भला मुलगा होता आणि आपलं उत्तर बरोबर असावं याविषयी त्याचा कसलाच आग्रह नव्हता. बाळकुमच्याचा बाप फाटकाशी उकिडवा बसला होता, मुलगा सांगेल तेव्हा उठायचं म्हणून.

"आपण म्हणता ऊर्जा सगळी राहते," मी हेडमास्तरांना म्हणालो. "एक गोळा वीतभर उंच नेऊन सोडू. दोन्ही चिकटून वर जातील. वजन दुप्पट, तेव्हा ऊर्जा सगळी राहिली तर निम्मी उंची गाठतील. सहा बोटं. संवेग राहत असेल, ऊर्जा नाही, तर वेग निम्मा होईल. आणि उंची वेगाच्या वर्गावर असते, म्हणून ती चौथाई. तीन बोटं."

"आणि हस्तिदंतासारखं झालं तर?"

"तर पहिला थांबेल आणि दुसरा एकटा वीतभर जाईल."

तरुणाने गोळा ओढला. त्याने सोडला. टक्क असा आवाज झाला नाही; थप्प असा, ओल्या धुण्यासारखा झाला. दोन्ही गोळे एकमेकांत रुतले आणि एकत्रच वर गेले. मी पाटीकडे पाहत होतो. तिसऱ्या रेघेच्या जरासे खाली थांबले.

"पुन्हा," हेडमास्तर म्हणाले.

गोळे वेगळे करून, गोल करून, पुन्हा सोडले. पुन्हा तीन बोटांच्या आत.

हेडमास्तर उठले. त्यांनी पाटी सरळ आहे का ते पाहिलं. मग त्यांनी चिकटलेल्या गोळ्यांवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"थंड आहे," ते म्हणाले.

"साहेब?"

"मास्तर, तुम्ही म्हणता ऊर्जा तापण्यात जाते. माती थंड आहे. हात लावून पाहा."

मी हात लावला. माती थंडच होती. ओल्या मातीने दुसरं काय असावं? वकिलांच्या मुलाने हात लावला आणि त्यालाही थंड लागली. मी सांगू लागलो की ती फार थोडी तापत असावी, हाताला कळणार नाही इतकी. पण हाताला न कळणाऱ्या गोष्टी ठामपणे सांगणं हे हेडमास्तरांचं क्षेत्र होतं आणि मला त्याची सवय नव्हती. माझं वाक्य मध्येच विरून गेलं.

तेवढ्यात बाळकुमचा पुढे आला.

"साहेब, मला एक सांगायचंय. माझ्या पेपरावरची ओळ."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी वर ऊर्जेचा नियम लिहिलाय. खाली तो वापरलेला नाही. संवेगाने केलंय. आपले गुण त्या ओळीला असतील तर ते देऊ नका."

फाटकाशी बसलेला बाप उभा राहिला. मुलगा काय बोलला ते त्याला ऐकू गेलं नव्हतं, पण मुलाची उभं राहण्याची तऱ्हा त्याला दिसली असावी. तो जवळ आला आणि त्याने मलाच विचारलं, "मास्तर, पोऱ्या पास झाला का नाय, येवरंच सांगा."

"थांबा जरा," मी म्हणालो. मलाही तेवढंच हवं होतं.

हेडमास्तर अजून मातीला हात लावून होते. "ओळ खोटी आहे, असं तुझं म्हणणं?"

"मी वापरली नाही, साहेब. मग खोटीच की."

"मातीतून ऊर्जा गेली हे तुला मान्य आहे?"

"वर गेली नाही, एवढं दिसलं. तीन बोटं कमी पडली." त्याने पाटीवरच्या तिसऱ्या आणि सहाव्या रेघेवर बोट ठेवलं. "पण सोडताना गोळे गोल होते. आता चपटे झालेत. चपटे करायला मला आज सकाळसारखी माती मळावी लागली असती. कोणीतरी मळलीच ना."

हेडमास्तरांनी हात काढला आणि गोळ्यांकडे पाहिलं. जिथे ते एकमेकांवर आदळले होते तिथे ते खरंच पोळीसारखे बसले होते. हात लावून आम्ही तिघांनी तापमान पाहिलं होतं. आकार कोणी पाहिला नव्हता. मीही नाही, आणि आवाजात, तापण्यात, वाकण्यात असं मीच त्याला घोकून सांगितलं होतं.

हेडमास्तर मनाने वाईट नव्हते. पण शनिवारच्या व्याख्यानाला मामलेदार होते, आणि विश्वातली ऊर्जा ठाण्यात कमी पडली असं त्यांना जाहीर करता येणार नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, या खेपेला खराच विचार करायला, असं मला वाटतं.

"तर मग," ते सावकाश म्हणाले, "ओळ खोटी नाही. ऊर्जा कुठे नष्ट झाली नाही. ती मातीत गेली. मी शनिवारी तेच बोललो."

"हो साहेब," मी म्हणालो.

"पण तिच्यावरून वेग काढता येत नाही, कारण किती मातीत गेली ते आधी कळत नाही. तेव्हा ओळ खोटी नाही, अपुरी आहे. अपुऱ्या ओळीला निम्मे गुण."

"आणि उरलेले निम्मे?"

"दुसरी ओळ त्याने आता माझ्यासमोर तोंडी सांगितली. संवेग. ती धरली." ते वकिलांच्या मुलाकडे वळले. "तुझे दोन्ही नियम बरोबर, बाळ. फक्त टक्कर दुसरी. प्रश्न वाचत जा."

"मना कायी कल्लं नाय," बाप मला हळूच म्हणाला.

"पास," मी म्हणालो.

"येवरंच तर इचारत होतो," तो म्हणाला, आणि जाऊन पुन्हा फाटकाशी बसला. पुण्याला कसं जायचं, कोणाकडे उतरायचं, सून इथे राहील की माहेरी, हे सगळं तो तिथे बसून मनात ठरवत असावा. मुलगा मातीचे गोळे सोडवत होता. ते सहज सुटेनात.

पुढच्या व्याख्यानात हेडमास्तरांनी हस्तिदंताबरोबर मातीही टांगली. मामलेदारांना माती आवडली नाही. त्यांच्या अंगरख्यावर एक कण उडाला. आपल्या जुन्या आदर्श उत्तराचा हेडमास्तरांनी पुन्हा कधी उल्लेख केला नाही, मीही नाही. लेखनिकाची चूक लेखनिकाकडेच राहिली.

बाळकुमचा दिवाळीच्या सुट्टीत आला. पायात बूट होते आणि तो ते काढून ओसरीवर बसला. मी त्याला विचारलं की आता तरी कळलं असेल: वाघिणींचे ते साठ गेले त्यातले किती आवाजात, किती तापण्यात, किती लोखंडात?

"मीही विचारलं तिथे," तो म्हणाला.

"मग?"

"म्हणाले, ते पुढच्या वर्षी."

मी त्याला चहा दिला. चहा गरम होता, हे मी हात लावून पाहिलं.